हॉपरभर की कपापुरते?

एस्प्रेसो देणाऱ्या कॅफेत यंत्राशेजारी ग्राइंडर उभा असतो आणि त्याच्या डोक्यावर बीन्सनी भरलेलं पारदर्शक भांडं असतं. त्याला हॉपर म्हणतात. मोठ्या हॉपरमध्ये किलो-सव्वा किलो बीन्स मावतात. बटण दाबलं की वरच्या थराच्या वजनाने खालचे बीन्स दोन दातेरी चकत्यांमध्ये सरकतात आणि ठरलेल्या सेकंदांत ठरलेली पूड खाली पडते. घरगुती ग्राइंडरच्या नव्या पिढीत मात्र हे भांडं दिसत नाही. त्याच्या जागी छोटीशी वाटी असते. दर कपाला, समजा, १८ ग्रॅम बीन्स काट्यावर मोजायचे, वाटीत ओतायचे, शेवटच्या दाण्यापर्यंत दळायचे आणि यंत्र पुन्हा रिकामं ठेवायचं. या पद्धतीला सिंगल डोसिंग म्हणतात.

ही पद्धत गाजायला एक स्पर्धा कारणीभूत झाली. २०१३ साली मेलबर्नला झालेल्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मॅट पर्गरने मालकोनिगचा ईके४३ हा ग्राइंडर एस्प्रेसोसाठी वापरला. मुळात तो दुकानात गिऱ्हाइकांना कॉफी दळून देण्याचा अवजड ग्राइंडर. त्यात मोजलेले बीन्स टाकून प्रत्येक कपापुरतं दळण काढता येतं, हे त्यामुळे जगभरच्या कॉफीवाल्यांच्या नजरेत भरलं. पुढे ब्रिटनमधून निश झिरोसारखे खास याच कामासाठी घडवलेले घरगुती ग्राइंडर आले. मग हॉपर ही जुनाट गोष्ट आहे, असं अनेकांना वाटू लागलं. तसं ते नाही. कॉफी किती वेगाने संपते, यावर कोणती पद्धत कुठे बरोबर हे ठरतं.

आधी ताजेपणाचं पाहू. भाजलेल्या बीनच्या पोटात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि तो हळूहळू बाहेर पडत राहतो. तोवर बाहेरच्या ऑक्सिजनला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. म्हणून नीट बंद पाकिटातले अख्खे बीन्स काही आठवडे चांगले राहतात. हॉपरचं झाकण हवाबंद नसतं. त्यावर उजेड पडतो, शेजारी एस्प्रेसो यंत्राची ऊब असते. अशा ठिकाणी बीन्सचा वास दोन-तीन दिवसांत उतरू लागतो. तरी खरं नुकसान हॉपरमध्ये होत नाही, ते त्याच्या खाली होतं. बीन फुटला की त्याचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, वायू निसटतो, आणि जो बदल अख्ख्या बीनमध्ये व्हायला दिवस लागले असते तो पुडीत काही तासांत होतो.

ही पूड ग्राइंडरच्या आत उरते. पिठाच्या गिरणीत ज्वारीवर गहू दळला तर पहिल्या ओंजळभर पिठात ज्वारी येते, म्हणून तर ‘कशावर दळताय?’ असं विचारायची पद्धत आहे. कॉफीच्या ग्राइंडरमध्येही चकत्यांभोवतीच्या कप्प्यात आणि पूड बाहेर नेणाऱ्या नळीत मागचं दळण अडकून बसतं. फरक इतकाच, की इथे आधीचं दळण कालच्या कॉफीचं असतं. हॉपरसाठी घडवलेल्या ग्राइंडरमध्ये ही शिल्लक काही ग्रॅमपर्यंत जाते. सिंगल डोसिंगसाठी घडवलेल्या यंत्रात नळी आखूड आणि उतार सरळ ठेवलेला असतो, त्यामुळे ती बरीच कमी असते.

आता एक घर घ्या. सकाळी एक आणि संध्याकाळी एक एस्प्रेसो, प्रत्येकी १८ ग्रॅम. दिवसाला ३६ ग्रॅम म्हणजे पाव किलोचं पाकीट जेमतेम आठवडाभर पुरतं. ग्राइंडर हॉपरचा आहे आणि त्यात ४ ग्रॅम पूड अडकते, असं धरू. सकाळच्या १८ ग्रॅममध्ये जवळपास ४ ग्रॅम रात्रभर उघड्या राहिलेल्या पुडीचे असू शकतात, म्हणजे पाचव्या हिश्शाहून अधिक. चवीत ते कळतं. वास दबलेला, शेवटी कोरडी, पुठ्ठ्यासारखी चव. ते टाळायचं तर आधी ४ ग्रॅम दळून फेकून द्यायचे. फक्त सकाळी असं केलं तरी आठवड्याला २८ ग्रॅम, म्हणजे पाकिटाचा नववा हिस्सा कचऱ्यात जातो. संध्याकाळीही केलं तर दुप्पट.

हाच हिशेब कॅफेत उलटा होतो. दिवसाला २०० शॉट निघत असतील तर ३ किलो ६०० ग्रॅम कॉफी दळली जाते. सव्वा किलोचा हॉपर दिवसातून तीनदा भरावा लागतो, बीन्सना शिळं व्हायला वेळच मिळत नाही. अडकलेली ४ ग्रॅम पूडही मिनिट-दोन मिनिटांपूर्वीची असते. सकाळचा पहिला डोस फेकला की काम झालं. तिथे दर शॉटला बीन्स मोजायचे ठरवलं आणि एका मोजणीला २० सेकंद धरले, तरी दिवसाचा तासाहून अधिक वेळ नुसता काट्यावर जाईल. गिऱ्हाइकांची रांग लागली असताना हे परवडत नाही. म्हणून बऱ्याच कॅफेंत रोजचं मिश्रण हॉपरमध्ये असतं, आणि दिवसातून क्वचित मागितली जाणारी डीकॅफ किंवा एखादी महाग कॉफी दुसऱ्या ग्राइंडरवर मोजून दळतात.

हॉपरचा खरा गुण त्याच्या वजनात आहे. वर बीन्सचा थर असला की चकत्यांमध्ये बीन्स सारख्या दाबाने जातात, म्हणून सेकंदांवर लावलेला डोस जवळजवळ सारखा येतो. थर उतरू लागला की हा दाब कमी होतो. तळाशी मूठभर बीन्स उरले की ते चकत्यांवर लाह्यांसारखे उडतात, पूड सावकाश पडते आणि त्याच सेकंदांत डोस कमी भरतो. दळणही बहुधा थोडं जाडं होतं. हे ओळखायची खूण सोपी आहे. काल २८ सेकंदांत उतरणारा शॉट आज २० सेकंदांत उतरला, तर दळणाची जाडी बदलण्याआधी हॉपरकडे पाहा. तो तळाला गेला असेल तर बीन्स भरा. निदान एक तृतीयांश भरलेला ठेवला तर हा त्रास होत नाही.

सिंगल डोसिंगमध्ये वरून दाब नसतोच. प्रत्येक डोस हॉपरच्या तळासारखा दळला जातो, पण दर वेळी तसाच, त्यामुळे शॉट एकमेकांशी जुळतात. डोस सेकंदांवर अवलंबून नसतो, कारण तो आधीच मोजलेला असतो. मात्र हॉपरच्या ग्राइंडरमध्ये मोजून बीन्स टाकायला सुरुवात केली तर जुनी खूण चालत नाही. बहुधा दळण आणखी बारीक करावं लागतं.

या पद्धतीतही दोन अडचणी आहेत. पहिली स्थिर विजेची. दळताना घर्षणाने पुडीला विद्युतभार येतो, ती नळीच्या तोंडाला आणि भांड्याला चिकटते, ओट्यावर उडते. त्यावरचा उपाय पाण्याचा एक थेंब. चमच्याचा ओला दांडा १८ ग्रॅम बीन्समधून फिरवला की पुरतं. ओरेगन विद्यापीठाच्या क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या ओलाव्याने विद्युतभार कमी होतो, हे मोजून दाखवलं. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात हा थेंब हवाच, मुंबईच्या जुलैत बहुधा लागत नाही. हात सैल सुटला आणि बीन्स ओलेचिंब झाले, तर मात्र ओली पूड आत थापली जाते आणि पोलादी चकत्यांना गंजाची भीती असते.

दुसरी अडचण हिशेबातल्या फसगतीची. १८ ग्रॅम टाकले, १८ ग्रॅम निघाले, म्हणजे आत काही उरलं नाही, असं वाटतं. पण आजची १ ग्रॅम पूड आत राहून कालची १ ग्रॅम बाहेर आली असेल तरी काटा तेच दाखवेल. खरी शिल्लक मोजायची असेल तर प्लग काढून ग्राइंडर उघडा, आतली सगळी पूड ब्रशने झाडा, पुन्हा जोडा आणि १८ ग्रॅम दळा. साडेसोळा निघाले आणि पुढच्या खेपेला जवळपास पूर्ण १८ आले, तर त्या यंत्राच्या कानाकोपऱ्यांत दीड ग्रॅम बसतं. बऱ्याच ग्राइंडरवर रबरी भाता असतो. दळण संपल्यावर तो दाबला की उरलेली पूड बाहेर पडते. तो रोज दाबला तर फायदा. आठवड्याने एकदा जोरात दाबला तर कोपऱ्यांतलं आठवडाभराचं शिळं दळण एकाच कपात येतं.

रोजच्या सोयीचा प्रश्न यातूनच सुटतो. सकाळी एस्प्रेसो आणि दुपारी पोअर-ओव्हर पिणाऱ्याला दोन वेगळ्या जाडीचं, कदाचित दोन वेगळ्या बीन्सचं दळण लागतं. हॉपरमध्ये बीन्स बदलायचे तर आधीचे उपसावे लागतात, आणि जाडी बदलल्यावर मधली पूड निघून जाईपर्यंत एखादा डोस मिश्र येतो. सिंगल डोसिंगमध्ये वाटी रिकामीच असते, चकती फिरवली की झालं. यात बीन्स साठवायची जबाबदारी मात्र आपल्यावर येते. पाकीट दर वेळी उघडून ठेवलं तर हॉपर टाळून काही मिळवलं नाही. एकदम पाच-सहा डोस मोजून छोट्या हवाबंद बाटल्यांत भरले, तर सकाळची मोजणीही वाचते आणि पाकीटही मिटलेलं राहतं.

ज्या घरात सकाळी एकाच कॉफीचे सहा-आठ कप लागतात, तिथे हॉपर ठेवायला काहीच हरकत नाही. दोन दिवसांत संपतील एवढेच बीन्स त्यात भरावेत. गडद भाजलेले बीन्स असतील तर हॉपरच्या भिंतीला तेल चिकटतं आणि खवट होतं, म्हणून आठवड्यातून एकदा तो कोमट साबणाच्या पाण्याने धुवून, पूर्ण कोरडा करूनच परत बसवावा. दोनच कप लागणाऱ्या घरात, किंवा आज ही तर उद्या ती कॉफी हवी असेल तिथे, वाटी आणि काटा हवा. नवा ग्राइंडर घेण्याआधी आहे त्या ग्राइंडरची शिल्लक एकदा मोजा. ती अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तर हॉपर काढून त्यातच मोजून दळता येईल आणि खर्च वाचेल. तीन-चार ग्रॅम असेल तर त्यात मोजून बीन्स टाकल्याने कप ताजा होणार नाही.