पुस्तकाची रील : आधी उजेड, मग अक्षरं

नव्या पुस्तकांच्या रील बघताना दोन गोष्टी हमखास खटकतात. मुखपृष्ठावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा चमकत असतो आणि खालची अक्षरं वाचून व्हायच्या आत पुसली जातात. फोन महागातला घेतला तरी हे दोष जात नाहीत, कारण ते कॅमेऱ्याचे नसतात. उजेड कुठून येतो आणि अक्षरं कशी मांडली आहेत, यावर सगळं ठरतं.

एक उदाहरण घेऊ. ऊसतोड मजुराच्या मुलीवरची कादंबरी आहे आणि तिची 40 सेकंदांची रील करायची आहे. एवढ्या वेळात कथानक सांगायला जाऊ नये. एकच प्रसंग घ्यावा. सहामाही परीक्षेच्या तोंडावर मुलीची शाळा सुटते आणि घरचे सगळे कारखान्याच्या वाटेला लागतात, इतकंच. निवांत बोललं तर 40 सेकंदांत साधारण 80 शब्द बसतात, म्हणून मजकूर आधी लिहून, घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघावा. दृश्यं चार पुरतात : बोलणारी लेखिका, तिच्या हातातलं पुस्तक, उलटणारं पान आणि शेवटी मुखपृष्ठ.

चित्रीकरण दिवसा, खिडकीजवळ करावं. थेट ऊन येत असेल तर खिडकीला पांढरं पातळ कापड लावायचं, म्हणजे उजेड मऊ होतो. लेखिकेनं खिडकीकडे पाठ करून बसू नये, चेहरा काळा पडतो. खिडकी एका बाजूला, थोडी समोर हवी. दुसऱ्या गालावर सावली दाटली, तर त्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की पुरे. खोलीतले दिवे मात्र बंद ठेवावेत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यानं बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण व्हिडिओत काळसर पट्टे सरकताना दिसतात. रात्रीच चित्रण करावं लागलं, तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवावं, पट्टे जातात.

मुखपृष्ठाचं चित्रण सगळ्यात अवघड, कारण चकचकीत लॅमिनेशन आरशासारखं वागतं. फोन पुस्तकाच्या अगदी समोर धरायचा आणि उजेड बाजूनं, तिरका येऊ द्यायचा. मग तो परतून दुसऱ्या बाजूला जातो, फोनकडे येत नाही. तरीही चमक राहिली, तर पुस्तक किंचित पुढे झुकवावं आणि पडद्यावर बघत राहावं. एका कोनात ती नाहीशी होते. काळपट मुखपृष्ठ असेल तर फोन आपणहून उजेड वाढवतो आणि शीर्षकाची पांढरी अक्षरं फुटतात. अशा वेळी पडद्यावर शीर्षकाच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड कायम होतो. मग उजेड थोडा कमी करायचा. चित्रण मागच्या कॅमेऱ्यानंच करावं. तो सहसा अधिक चांगला असतो आणि सेल्फी कॅमेऱ्यासारखी अक्षरं उलटी दिसण्याचा घोळ होत नाही. आवाजासाठी पंखा बंद करून वायरच्या इअरफोनचा माइक छातीशी लावला तरी भागतं.

आता अक्षरं. बसमध्ये, रांगेत उभी असलेली माणसं रील आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं सगळं कॅप्शनमध्ये यायला हवं. ॲप आपोआप उमटवतं त्या मजकुरात ‘उचल’, ‘कोयता’, ‘टोळी’ असे शब्द हमखास चुकतात. ओळ न् ओळ हातानं दुरुस्त करावी. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चार-पाच शब्द. आपण सावकाश दोनदा वाचू शकू इतका वेळ त्या थांबायला हव्यात.

देवनागरीची स्वतःची काही पथ्यं आहेत. वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त सोडावं, नाहीतर ‘कू’चा उकार खालच्या ‘कै’ला टेकतो. अक्षरांमधलं अंतर वाढवू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. मुक्त किंवा नोटो सान्स यांसारखा ठसठशीत फाँट घ्यावा आणि ‘शाळेच्या’, ‘दुसऱ्या’, ‘कोयत्या’ हे शब्द लिहून जोडाक्षरं नीट जुळतात का ते तपासावं. काही ॲपमध्ये ती सुटी पडून हलन्त दिसतो. पांढऱ्या अक्षरांमागे काळी अर्धपारदर्शक पट्टी हवी. आणि ओळी पडद्याच्या अगदी तळाला नकोत, कारण तिथं ॲपची नावं आणि बटणं येतात. मध्याच्या जरा खाली ठेवाव्यात.

शेवटचे पाच सेकंद मुखपृष्ठ स्थिर ठेवावं. शीर्षक, लेखिका, प्रकाशक, किंमत आणि पुस्तक कुठं मिळेल, एवढंच त्यावर असावं. प्रसिद्ध करण्याआधी, कादंबरी न वाचलेल्या कुणाला तरी रील भर उन्हात, आवाज बंद करून एकदाच दाखवावी. पुस्तकाचं नाव काय, ते कोणाबद्दल आहे आणि कुठं मिळेल, हे विचारावं. ज्याचं उत्तर अडेल, ती ओळ किंवा ते दृश्य पुन्हा करायला घ्यावं.