खादी नरम कशी होते?

नव्या खादीचा कडकपणा मुख्यतः खळीचा असतो. हाताने कातलेले सूत जागोजाग जाड-बारीक असते, पीळही सारखा बसलेला नसतो. मागावर उभे धागे ताणलेले असतात आणि फणी त्यांना सतत घासते. पीळ कमी पडलेल्या जागी सूत पटकन तुटते. ते टिकावे म्हणून विणण्याआधी त्याला तांदळाची किंवा मैद्याची शिजवलेली खळ देतात. ती वाळली की तंतू एकमेकांना चिकटून धागा ताठ होतो. अनेकदा विक्रीपूर्वी कापडालाही वेगळी खळ देतात.

खळ उरली आहे का, हे पांढऱ्या खादीवर सहज कळते. कापडाच्या कोपऱ्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. डाग निळा-काळा झाला तर खळ आहे, नुसता पिवळट-तपकिरी राहिला तर गेली. पहिल्या धुण्याआधी कापड कोमट पाण्यात रात्रभर भिजवले की खळ फुगून सुटू लागते आणि पाणी गढूळ होते. मग साबणाने धुऊन भरपूर पाण्यात खंगाळावे. रंगीत खादी मात्र वेगळी आणि थंड पाण्यात थोडाच वेळ भिजवावी, कारण तिचा रंग जाऊ शकतो. भिजवण दिवसभर तशीच राहिली तर आंबूस वास येतो. उलट, खळ तशीच ठेवून कापड पावसाळ्यात कपाटात टाकले, तर बुरशी आणि कसर दोघांनाही आयतेच खाद्य मिळते.

याच धुण्यात खादी आटते. मागावर ताणलेले धागे सैल होतात. शिवाय ओला तंतू जाडीने फुगतो, त्यामुळे प्रत्येक धाग्याला दुसऱ्याला वळसा घालायला जास्त लांबी लागते. ती कापडाच्या लांबीतून जाते. अंदाज घ्यायचा तर कापडावर उभ्या दिशेने ५० सेंटिमीटर अंतरावर दोन टाके घालावेत. धुऊन वाळल्यावर ते अंतर ४८ भरले, तर आट ४ टक्के; १०० सेंटिमीटरचा कुर्ता ९६चा होणार. म्हणून शिंप्याकडे देण्याआधी कापड धुवावे. आडव्या दिशेची आट बहुधा कमी असते, पण तीही मोजावी.

खळ गेल्यावरही नरमाई वाढत राहते. कापसाच्या तंतूंवरचे नैसर्गिक मेण धुण्यागणिक कमी होते, पाणी लवकर शोषले जाते. वापरताना घर्षणाने धागे आपापल्या जागी थोडे सरकतात, पीळ सैलावतो आणि तंतूंची बारीक टोके वर येऊन स्पर्श मऊ लागतो. तरीही वारा नसताना वाळलेली खादी पापडासारखी ताठ होते, कारण वाळताना तंतू एकमेकांना धरून बसतात. झटकून वाळत घातली आणि नंतर हाताने चोळली की ती सुटते. जड पाण्यात साबणाचा चिकट थर बसूनही कापड राठ होते. तिथे साबणाऐवजी डिटर्जंट बरा. पुढारी मंडळी पुन्हा खळ घालून कडक इस्त्री करतात, त्यांची गोष्ट निराळी.

मात्र नरमाई आणि झीज यांचे मूळ एकच आहे. घर्षणाने तंतू तुटत जातात. कॉलरची घडी आणि बाह्यांच्या कडा उजेडात धरल्यावर विरविरीत दिसू लागल्या की आता कापड नरम होत नसून विरत आहे असे समजावे. ते ब्रशने घासू नये.