कबुतरांची शीट: आधी पाणी, मग झाडू

मुंबई-पुण्यात बाल्कनी म्हटली की कबुतरं आलीच. 2025च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा विष्ठेमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांवर बरंच छापून आलं. घरोघरी मात्र अजूनही वाळलेल्या शिटेवर सरळ कोरडा झाडू फिरतो. खरा धोका तिथेच आहे. ओल्या शिटेपेक्षा वाळून भुगा झालेली वाईट, कारण तिची बारीक पूड श्वासावाटे आत जाते. काहींना तिची ॲलर्जी होऊन फुप्फुसांना सूज येते. तिच्यातून बुरशी आणि जंतूही पसरू शकतात. ज्यांना दमा आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनी हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं. आणि ते मावशींकडून करून घ्यायचं असेल तर एन-95 मास्क आणि रबरी हातमोजे आपणच आणून द्यावेत.

एखादी नेहमीची बाल्कनी घेऊ: टाइल्सची फरशी, ऑइलपेंट दिलेलं लोखंडी रेलिंग, कठड्यावर कडाप्पा, कोपऱ्यात एसीचं बाहेरचं युनिट आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. सर्वांत जाड थर असतो तो एसीखाली, कारण तिथे कुणाचा हात पोहोचत नाही. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत, म्हणजे साधारण दीड-दोन महिने, तो कोपरा तसाच राहू द्यावा.

सुरुवात करताना घराकडचं दार लावून घ्यायचं, एसी आणि पंखा बंद करायचा. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून स्प्रेच्या बाटलीत भरायचं. शिटेतला पांढरा भाग म्हणजे पक्ष्याचं मूत्र. त्यात मुख्यतः युरिक आम्ल आणि त्याचे क्षार असतात. ते साध्या पाण्यात फारसं विरघळत नाही, आम्लात तर आणखीनच कमी, पण सोड्यासारख्या अल्कलीत थोडं सैल होतं. म्हणून व्हिनेगर किंवा लिंबाचा सर्रास दिला जाणारा सल्ला इथे उलटा पडतो. धुण्याचा सोडा जास्त जोरकस खरा, पण स्लायडिंग खिडकीच्या ॲल्युमिनियमवर तो काळपट डाग पाडतो.

जोराची धार मारू नये, पूड उडते. हलका फवारा देऊन वर जुनी वर्तमानपत्रं अंथरायची आणि तीही भिजवायची. पंधरा-वीस मिनिटांत थर मऊ होतो. बोटाने दाबून पाहा: कडेला करकर वाजला तर आत अजून कोरडा आहे, पुन्हा भिजवा. मऊ झाला की प्लास्टिकच्या पट्टीने कागदासकट गोळा करून पिशवीत घालून तोंड बांधायचं. काड्या आणि पिसं मोरीच्या जाळीत ढकलू नयेत. पावसाळ्यात तीच तुंबते आणि पाणी घरात येतं. खाली कुणाचे कपडे वाळत असतील तर आधी हाक मारून सांगावं. बादली उपडी न करता शेवटी फरशी पुसूनच घ्यावी.

संडास साफ करायचं ॲसिड बाल्कनीत आणूच नये. कडाप्पा आणि संगमरवर त्याने खाल्ले जातात, आणि पुढे त्यावर ब्लीच पडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. जंतुनाशक वापरायचंच असेल तर फरशी धुऊन झाल्यावर, बाटलीवरच्या प्रमाणात, एकटंच.

रेलिंगवरची काळी चिकट धूळ ही वेगळी गोष्ट. त्यात मातीबरोबर वाहनांच्या धुराची काजळी आणि तेलकट अंश असतो, म्हणून नुसत्या ओल्या फडक्याने तिचे ओघळ तेवढे उठतात. इथे दोन बादल्या लागतात: एकीत अर्धी बादली पाण्यात एक चमचा लिक्विड साबण, दुसरीत साधं पाणी. फडकं साबणाचं घेऊन वरून खाली पुसायचं आणि साध्या पाण्यात पिळून मगच पुन्हा साबणात बुडवायचं. कपड्यांची पावडर वापरली तर पांढरट थर मागे उरतो. शिटेखाली रंग फुगलेला दिसला तर नखाने टोचून पाहा. खाली तांबूस भुगा निघाला तर पुसून उपयोग नाही. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइड लावून रंगवावी लागते.

खुर्च्या सर्वांत शेवटी. साबणाने धुऊन वाळल्यावरही त्या निस्तेजच दिसल्या तर हातावर बोट घासून पाहा. काळं आलं तर मळ आहे, पुन्हा घासा. पांढरी भुकटी आली, आणि कितीही पुसलं तरी येतच राहिली, तर तो मळ नाही, उन्हाने मरत चाललेलं प्लास्टिकच आहे.