नाइट बदलून हवी आहे

‘घरगुती अडचणीमुळे माझी पोस्टिंग बदलून मिळावी, ही नम्र विनंती.’ नर्सिंगच्या विद्यार्थिनी मेट्रनना, म्हणजे सरकारी भाषेत अधिसेविकांना, असे अर्ज देतात. अशा एका ओळीवर निर्णय तरी कसा घ्यायचा? अडचण कोणती, ती किती दिवसांची आणि तिच्या जागी वॉर्डात कोण उभं राहणार, यातलं काहीच त्यात नसतं.

समजा, जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीच्या आईला स्तनाचा कर्करोग आहे. दर २१ दिवसांनी केमोथेरपी चालते. ५ ऑगस्टला एक डोस झाला, पुढचा २६ ला. वडील ट्रकवर असतात, रात्री घरी दुसरं कोणी नाही. आणि ड्युटी लिस्टमध्ये ११ ते १७ ऑगस्ट तिची नाइट लागली आहे.

नेमका हाच आठवडा अवघड. अनेक प्रकारच्या केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर चढला, तर सकाळची वाट पाहायची नसते. पॅरासिटामॉल देऊन झोपायचंही नसतं, कारण ताप उतरतो पण जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. तडक रुग्णालय गाठावं लागतं. हे त्या मुलीला वर्गात शिकवलेलं असतं. अर्जात मात्र ती ‘आई आजारी आहे’ एवढंच लिहिते!

तिनं असं लिहायला हवं: ‘आईची केमोथेरपी ५ ऑगस्टला झाली आहे. ११ ते १८ ऑगस्ट या काळात ताप आल्यास तिला रात्रीही तातडीने रुग्णालयात न्यावे लागेल व घरी अन्य कोणी नाही. तरी माझी ११ ते १७ ची रात्रपाळी १९ ते २५ ऑगस्टला द्यावी. त्या आठवड्यात रात्रपाळी असलेली माझी वर्गमैत्रीण अदलाबदलीस तयार आहे. तिची सही सोबत जोडली आहे.’

अर्ज प्राचार्यांमार्फत द्यावा, कारण विद्यार्थिनीच्या पोस्टिंगचा हिशेब कॉलेजकडेही असतो. सोबत केमोच्या तारखांचा कागद पुरे. आईची सगळी फाइल टेबलावर ठेवायची गरज नाही. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना आधी तोंडी सांगितलेलं बरं. अर्जाची बातमी त्यांना मेट्रनकडून कळली, तर त्या उगाच दुखावतात.

एक गोष्ट मुली विसरतात. पोस्टिंग बदलली तरी तास माफ होत नाहीत. प्रात्यक्षिकाची हजेरी शेवटी शंभर टक्के भरावीच लागते. म्हणून ‘नाइट रद्द करा’ यापेक्षा ‘नाइट या तारखांना द्या’ ही मागणी मान्य होणं सोपं जातं. तरीही वॉर्डात माणसं कमी असतील, तर मेट्रन नाही म्हणू शकतात. अशा वेळी एखादी मावशी किंवा शेजारीण त्या रात्रींसाठी आधीच बोलून ठेवावी.