थेंब थेंब गळणारा फिल्टर

पावसाळा सुरू झाला, नळाला गढूळ पाणी आलं, की स्टीलच्या कँडल फिल्टरची चाल मंदावते. रात्री वरचं भांडं काठोकाठ भरून ठेवलं तरी सकाळी खालच्या भांड्यात जेमतेम दोन-तीन तांबे पाणी. अशा वेळी फिल्टर बिघडला असं वाटतं; पण खरं तर तो आपलं काम चोख करत असतो. कँडलची छिद्रं इतकी बारीक असतात, की पाण्यातली माती आत शिरतच नाही. ती बाहेरच साचते आणि तिचाच लेप पाण्याची वाट अडवतो.

उपाय सोपा आहे. भांड्याखालचा नट सोडवून कँडल बाहेर काढायची, तिची खालची नळी बोटाने बंद धरायची आणि वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने किंवा स्वच्छ घासणीने हलक्या हाताने घासायचं. तपकिरी पाणी ओघळतं आणि खालून पांढरी चिनीमाती दिसू लागते. साबण मात्र लावायचा नाही. तो छिद्रांत मुरतो आणि पुढे पाण्याला त्याची चव येते. नळीला हात लागलेला असतो, म्हणून सुरुवातीचं एक भांडंभर पाणी ओतून द्यावं.

फरक पडला का, हे मोजून पाहावं. वरचं भांडं पूर्ण भरलेलं असताना एक लिटर पाणी गळायला किती वेळ लागतो, ते घासण्याआधी आणि नंतर लिहून ठेवावं. भांडं दोन्ही वेळा भरलेलंच हवं, कारण पाण्याची पातळी उतरली की दाब कमी होतो आणि चांगली कँडलही हळू गळते.

घासूनही वेग वाढला नाही, तर बोअरच्या जड पाण्याचा संशय घ्यावा. त्यातले क्षार छिद्रांत बसतात, तिथे ब्रश पोचत नाही. साधी, आत कोळसा नसलेली कँडल असेल, तर पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून नंतर भरपूर धुऊन पाहता येते. त्यानेही काही झालं नाही, तर नवी आणावी.

हळू गळणाऱ्या कँडलने नुसती गैरसोय होते. खरी भीती आहे ती एकाएकी भराभर गळू लागलेल्या कँडलची. तिला बहुधा तडा गेलेला असतो किंवा वॉशर सैल झालेला असतो. खात्री करायची तर कँडल पाण्यात चांगली भिजवून, बुडवूनच ठेवावी आणि तिच्या देठाला स्वच्छ रबरी नळी लावून फुंकावं. एकाच जागेवरून बुडबुड्यांची धार आली, तर तिथे भेग आहे. अशी कँडल चिकटवून वापरू नये, बदलावीच.

दर वेळी घासताना चिनीमातीचा थरही थोडा झिजतो. कंपनीने सोबत मापपट्टी दिली असेल, तर ती लावून पाहावी. कँडल मापापेक्षा बारीक झाली, की तडा नसला तरी ती बदलायची वेळ आली. कोळशाच्या कँडलला मात्र गळण्याच्या वेगावरून जोखता येत नाही. आतला कोळसा निकामी झाला तरी पाणी पूर्वीसारखंच गळत राहतं, म्हणून ती बसवल्याची तारीख फिल्टरच्या झाकणाला चिकटवावी आणि कंपनीने सांगितलेली मुदत पाळावी.