बालपणाचे गुण आणि समोरचा रुग्ण

बालपणी सोसलेला त्रास पुढे शरीरालाही भोवतो, हे १९९८ साली अमेरिकेतील डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांच्या अभ्यासाने आकड्यांत दाखवले. सॅन दिएगो येथे आरोग्य तपासणी करून घेतलेल्या साडेनऊ हजार प्रौढांना त्यांनी विचारले: अठरा वर्षांच्या आत तुम्हाला घरात मारहाण, शिवीगाळ किंवा लैंगिक अत्याचार झाला का? आईला मार बसत असे का? घरात कोणी दारुडे, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेले होते का? असे सात प्रकार, प्रत्येक प्रकाराला एक गुण. चार किंवा अधिक गुण असलेल्यांत नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांची शक्यता चार ते बारा पट निघाली. हृदयविकाराची सुमारे दुप्पट.

ही ‘दुप्पट’ एका माणसाला लावून पाहू. काटोलकडचा पंचेचाळिशीतला एक शेतकरी हार्ट अटॅकने आमच्या वॉर्डात दाखल झाला. बाप दारू पिऊन त्याला आणि आईला मारायचा, शिव्या तर रोजच्याच. म्हणजे चार गुण झाले. चौदाव्या वर्षापासून खर्रा, वर बीपी. त्याने विचारले, “डॉक्टरसाहेब, बापाच्या मारानंच झालं का हे?”

त्याच अभ्यासात शून्य गुण असलेल्या शंभरांपैकी चौघांना हृदयविकार होता. चार किंवा अधिक गुण असलेल्या शंभरांपैकी सहांना. वय, शिक्षण वगैरे फरक हिशेबात धरल्यावर धोका दुप्पट भरतो. पण चौऱ्याण्णव जणांना तो आजार नव्हता, आणि गुण शून्य असूनही चौघांना होता. हा शेतकरी त्या चौघांसारखाच, मार न खाताही आजारी पडला असता का, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. मार, घरातला ताण, खर्रा आणि बीपी यांचे धागे एकाच माणसात वेगळे करता येत नाहीत. मी त्याला तेच सांगितले. मग खर्रा आणि गोळ्यांबद्दल बोललो, कारण तेवढे आमच्या हातात होते.

गुणांची पद्धतच ढोबळ आहे. एकदा बसलेला जबर मार आणि दहा वर्षांची मारझोड, दोन्हींना एकच गुण. पोराला पदराआड घेणारी आजी कुठेच मोजली जात नाही. आठवणीही दगा देतात: लहानपणी ज्यांच्या छळाची नोंद झाली होती, त्यांतले निम्म्याहून अधिक लोक मोठेपणी तो सांगत नाहीत, असे अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले. २०२१ साली ब्रिटन आणि न्यूझीलंडमधील मुलांच्या दीर्घकालीन नोंदी तपासल्या, तेव्हा गुणांवरून गटाचा धोका कळला, पण आजारी कोण पडणार हे सांगताना ते फारसे उपयोगी ठरले नाहीत. खुद्द अँडा यांनीही २०२० साली एकेका रुग्णाचा धोका ठरवायला हे गुण वापरू नयेत, असे लिहिले.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मूळ यादीत डोक्यावरचे कर्ज नाही, शाळेतला छळ नाही, जातीवरून झालेला अपमान नाही. विदर्भातल्या पुष्कळ मुलांचे गुण त्या कागदावर कमीच भरतील.