टीए बिलातली मध्यरात्र

केंद्र सरकारचा कर्मचारी दौऱ्यावर जातो तेव्हा त्याच्या जेवणाचं बिल कुणीच मागत नाही. जुलै 2017 पासून जेवणासाठी ठरावीक ठोक रक्कम मिळते. थाळी खा नाहीतर केळी. आश्चर्य आहे ते ही रक्कम मोजण्याच्या पद्धतीत.

पाहा, लेव्हल 7 चा एक कर्मचारी रविवारी रात्री 9 वाजता पुण्याहून नागपूरला निघाला. सोमवार-मंगळवार काम उरकून बुधवारी सकाळी 7 वाजता परतला. 2017 च्या मूळ दरानं त्याचा दिवसाचा जेवणखर्च 800 रुपये. पण नियमातला दिवस सूर्योदयाला सुरू होत नाही, तो मध्यरात्र ते मध्यरात्र असतो. त्या चौकटीत मुख्यालयाबाहेर 6 तासांपर्यंत असाल तर 30 टक्के, 6 ते 12 तास असाल तर 70 टक्के, त्याहून जास्त असाल तर पूर्ण रक्कम. म्हणजे रविवारच्या तीन तासांचे 240, मधले दोन दिवस 800-800 आणि बुधवारच्या सात तासांचे 560. एकूण 2400. हाच माणूस बुधवारी सव्वापाचला पोहोचला असता, तर 560 चे 240 झाले असते! गाडी लेट झाली म्हणून भत्ता वाढतो, हे सरकारी हिशेबातच घडू शकतं.

हॉटेलचं तसं नाही. तिथे प्रत्यक्ष खर्च मिळतो, पण या लेव्हलला मूळ मर्यादा रोज 750 रुपये. खोली 1100 ची घेतली तर वरचे 350 खिशातून. मात्र लेव्हल 8 पर्यंत पावतीची सक्ती नाही. कुठे आणि किती काळ राहिलो हे स्वतः लिहून प्रमाणित केलं की पुरतं. शहरातल्या रिक्षा-टॅक्सीला याच कर्मचाऱ्यासाठी मूळ मर्यादा 225 रुपये; तिथेही पावतीऐवजी प्रवासाचा काळ आणि गाडीचा नंबर लिहायचा. पायी चाललात तरी मूळ दरानं किलोमीटरला 12 रुपये! महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की हे दर 25 टक्क्यांनी वाढतात, आणि जानेवारी 2024 मध्ये तो 50 टक्क्यांवर पोहोचला.

पावत्यांबाबत इतका उदार असलेला नियम तारखेबाबत मात्र निष्ठुर आहे. पूर्वी दावा करायला वर्षभर मिळायचं. मार्च 2018 पासून प्रवास संपल्यावर फक्त 60 दिवस. आपला कर्मचारी 10 जूनला परतला असेल, तर शेवटचा दिवस 9 ऑगस्ट. तो चुकला की साहजिकच कुणालाही वाटतं, उशिरा का होईना, पैसे मिळतील. तसं होत नाही, मुदतीनंतर दाव्याचा हक्कच संपतो. आगाऊ रक्कम उचलली असेल तर मुदत आणखी कमी: परतल्यापासून 15 दिवसांत हिशेब द्यायचा. बिलावर आधी नियंत्रक अधिकाऱ्याची सही होते, मगच ते लेखा शाखेकडे जातं.

तेव्हा दौऱ्यावरून परतलात की सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि बिल त्याच आठवड्यात टाका.